लग्नानंतर पासपोर्टात जोडीदाराचं नाव: गोव्यातून अर्ज करताना कोणता कागद आधी, कोणता नंतर

डिचोलीत मी अर्ज भरून देण्याचं काम करतो. ‘पासपोर्टात नवऱ्याचं नाव घालायचंय’ असं म्हणत कुणी समोर बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “बाय, नाव कुठे घालायचं? तुझ्या नावापुढे, की शेवटच्या पानावर?” पुष्कळ वेळा मुलगी नवऱ्याकडे बघते, नवरा तिच्याकडे बघतो, आणि दोघंही म्हणतात, “म्हणजे?”

या ‘म्हणजे’त सगळा घोळ आहे. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच. म्हणून लेखाची सुरुवात कागदांच्या यादीने करत नाही, या निर्णयाने करतो. मुख्यतः नवविवाहितेला समोर ठेवून लिहिलं आहे. नवऱ्याला बायकोचं नाव घालायचं असेल तर पद्धत हीच, फक्त त्याचं स्वतःचं नाव बदलण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

## टप्पा १: नक्की काय बदलायचं ते ठरवा

पासपोर्टात नवऱ्याचं नाव दोन ठिकाणी येऊ शकतं. एक, पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, जिथे वडिलांचं, आईचं आणि जोडीदाराचं नाव छापलेलं असतं. दुसरं, तुमच्या स्वतःच्या नावात, म्हणजे मधलं नाव आणि आडनाव म्हणून. पहिल्या प्रकारात तुम्ही तुमच्या जुन्याच नावाने राहता. दुसऱ्या प्रकारात पासपोर्टापुरत्या तुम्ही नव्या नावाच्या व्यक्ती होता आणि तुमचे बाकीचे कागदही त्या नावाचे असावे लागतात.

आपल्याकडे नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. पासपोर्टात रकाने दोनच: Given Name आणि Surname. मधलं नाव पहिल्या नावासोबत Given Name मध्ये जातं. त्यामुळे ‘मी आडनाव बदलत नाही, फक्त वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव लावते’ हाही स्वतःच्या नावातला बदलच ठरतो. ही गोष्ट फार जणींच्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा वाळपईची स्नेहा रमेश नाईक आणि साखळीचा सुभाष विठ्ठल गावस यांचं लग्न झालं. स्नेहाच्या पासपोर्टात Given Name आहे SNEHA RAMESH आणि Surname NAIK. तिच्यापुढे तीन वाटा आहेत:

१. नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि शेवटच्या पानावर सुभाषचं नाव घालायचं. सगळ्यांत सोपी वाट.

२. स्नेहा सुभाष गावस व्हायचं आणि शेवटच्या पानावरही सुभाषचं नाव घालायचं. इथे लग्नाचा दाखला हा मुख्य कागद. शिवाय आधार वगैरे आधी नव्या नावाचं करून घ्यावं लागतं.

३. सासरी ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं नवं नाव, समजा ‘सानिका’, पासपोर्टात आणायचं. ही सगळ्यांत लांबची वाट. पहिलं नाव लग्नामुळे आपोआप बदलत नाही आणि लग्नाच्या दाखल्याने ते सिद्ध होत नाही. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे रीतसर बदल करून तो राजपत्रात आल्याशिवाय या वाटेने जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिली वाट. लग्न झालं म्हणून आडनाव बदलण्याची सक्ती पासपोर्टासाठी नाही. शाळेचा दाखला, पदवी, बँक, पॅन सगळं एका नावाने असताना एकटा पासपोर्ट दुसऱ्या नावाचा केला की पुढची दहा वर्षं प्रत्येक ठिकाणी ‘ही तीच’ हे पटवत बसावं लागतं. ज्यांना मनापासून आडनाव बदलायचं आहे त्यांनी जरूर बदलावं, पण पासपोर्टापासून सुरुवात करू नये. तो शेवटी.

आधी हे तपासा: बदल हवाच आहे का? लग्न झालं म्हणून जुना पासपोर्ट रद्द होत नाही. महिन्याभरात प्रवास असेल आणि तिकीट, व्हिसा जुन्या नंबरावर निघाले असतील, तर जाऊन या आणि मग अर्ज करा. जुन्या पुस्तिकेत नाव ‘चढवून’ मिळत नाही. बदल कितीही लहान असो, पुस्तिका नवी येते आणि नंबरही नवा.

## टप्पा २: लग्नाचा दाखला हातात घेऊन वाचा

‘वाचा’ म्हणतोय, कारण दाखला असतो सगळ्यांकडे, पण तो नीट वाचलेला असतो थोड्यांनीच.

गोव्यात लग्न कायद्याने ठरतं ते तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या नोंदीने. पहिल्या सहीला दोघं लग्नाचा इरादा नोंदवतात. हरकतीसाठी साधारण पंधरा दिवसांची मुदत जाते आणि मग साक्षीदारांसह दुसरी सही होते. दुसऱ्या सहीनंतर लग्नाची नोंद पुरी होते. चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांची रीत थोडी वेगळी: रजिस्ट्रारकडून ना हरकत पत्र घेऊन चर्चमध्ये लग्न लागतं आणि तिथली नोंद पुढे रजिस्ट्रारकडे येते.

यातून दोन भानगडी निघतात.

पहिली, दुसरी सही राहूनच गेलेली असते. पहिली सही केली, मग हॉल, जेवणावळ, सत्यनारायण, नवरा बोटीवर परत गेला, आणि दुसरी सही कुणाच्या लक्षातच राहिली नाही. घरच्यांच्या लेखी लग्न झालेलं असतं. कागद मागायला गेल्यावर कळतं की नोंद अर्धीच आहे. अशा वेळी पासपोर्टाचा विचार बाजूला ठेवून आधी रजिस्ट्रारचं कार्यालय गाठा. देवस्थानाची पावती, लग्नाची पत्रिका किंवा फोटोंचा अल्बम यांना लग्नाचा दाखला म्हणून कुणी धरत नाही.

दुसरी भानगड तारखेची. आपल्याकडे सह्या कधी लग्नाच्या आधी होतात, कधी नंतर. त्यामुळे पत्रिकेवरची तारीख एक आणि दाखल्यावरची दुसरी असते. पुढे कुठल्याही व्हिसाच्या अर्जात किंवा घोषणापत्रात लग्नाची तारीख विचारली तर दाखल्यावरची द्या. लग्नाचा वाढदिवस हवा तेव्हा साजरा करा, कागदावर तारीख एकच राहू द्या.

आता स्पेलिंग. गोव्यातली खरी डोकेदुखी ही. जन्मनोंदी आणि त्यांवरून आलेली नावं बऱ्याच घरांत पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. नाईक कुठे Naik, कुठे Naique. शेट आधारवर Shet, तर वडिलांच्या जुन्या दाखल्यावर Xete. प्रभूचं Porobo आणि देसाईचं Dessai झालेलंही दिसतं. लग्नाची नोंद करताना जन्मदाखला लावलेला असतो, म्हणून लग्नाच्या दाखल्यावर जन्मदाखल्याचं स्पेलिंग येतं. आधार मात्र शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं असतं, तिथे वेगळं.

आपल्या उदाहरणात असंच झालं आहे असं धरा. लग्नाच्या दाखल्यावर सुभाषचं आडनाव GAUNS. त्याच्या आधारवर आणि पासपोर्टावर GAWAS. स्नेहाच्या अर्जात कोणतं लिहायचं?

मी नवऱ्याच्या पासपोर्टावरचं लिहायला सांगतो. कारण साधं आहे. पुढे परदेशी वकिलातीतला माणूस दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघणार, आणि तिथे अक्षरन् अक्षर जुळायला हवं. पण मग GAUNS आणि GAWAS हा एकच माणूस आहे हे पासपोर्टच्या खिडकीवर दाखवावं लागतं. त्यासाठी सुभाषचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट असे तिन्ही कागद सोबत ठेवा. तिन्हींवर जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं जुळली की सांगायला आधार राहतो. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर बहुधा एवढ्यावर भागतं. पूर्ण आडनावच वेगळं असेल, म्हणजे एका कागदावर गावस आणि दुसऱ्यावर गावकर, तर मूळ नोंदीत दुरुस्ती करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. खिडकीवर बोलून तो प्रश्न सुटत नाही.

तपासणी: एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा. तुमचं नाव, नवऱ्याचं नाव, तुमच्या आई-वडिलांची नावं आणि जन्मतारीख. मग लग्नाचा दाखला, दोघांची आधारकार्डं आणि दोघांचे पासपोर्ट काढून प्रत्येक ओळीसमोर त्या त्या कागदावरचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. नुसतं डोळ्यांनी बघू नका. आपलं नाव आपल्याला इतकं पाठ असतं की चूक दिसत नाही, लिहिताना ती दिसते.

## टप्पा ३: दाखला नसेल तर ॲनेक्शर जे

‘आता लग्नाचा दाखला लागत नाही’ हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. त्यामागे दोन खऱ्या गोष्टी आहेत आणि एक गैरसमज.

डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सोपे केले तेव्हा विवाहितांना पासपोर्टासाठी लग्नाचा दाखला जोडण्याची अट काढली. घोषणापत्रं साध्या कागदावर चालतील, नोटरी नको, असंही ठरलं. हे पहिलं खरं. दुसरं, जोडीदाराचं नाव घालण्यासाठी दाखल्याऐवजी ॲनेक्शर जे नावाचं संयुक्त घोषणापत्र चालतं. त्यावर नवरा-बायकोचा एकत्र फोटो, दोघांची पूर्ण नावं, पत्ता, ओळखपत्रांचे नंबर आणि दोघांच्या सह्या असतात.

गैरसमज हा की काहीच लागत नाही. जोडीदाराचं नाव तुम्ही नव्याने नोंदवताय, तर त्याचा पुरावा लागणारच. दाखला किंवा ॲनेक्शर जे, दोहोंपैकी एक. रिकाम्या हाताने गेलेली माणसं परत येतात आणि वर ‘नियम बदलला तरी ऐकत नाहीत’ म्हणून वैतागतात.

गोव्यात सिव्हिल नोंद बहुतेकांची असतेच, म्हणून मी दाखलाच पुढे करायला सांगतो आणि ॲनेक्शर जे भरून फाइलीत मागे ठेवायला सांगतो. दाखल्यावरचं स्पेलिंग खटकलं तर तो कागद हाताशी असतो. नवरा बोटीवर किंवा आखातात असेल तर तो सुट्टीवर असतानाच सही आणि फोटोचं काम उरकून घ्या. सही त्याची त्यानेच करायची. दिराने ‘तशीच’ केलेली सही दोघांनाही गोत्यात आणते.

सावधान: ॲनेक्शर जेवरचा फोटो दोघांचा आत्ताचा, समोरून काढलेला आणि चेहरे स्पष्ट दिसणारा हवा. लग्नातला मुंडावळ्यांचा फोटो कापून चिकटवू नका. एका जोडप्याने तसा आणला होता. त्यात नवरीचं अर्धं कपाळ मुंडावळीत आणि नवऱ्याची नजर भटजींकडे.

## टप्पा ४: पत्ता आधी पक्का करा

नाव घालायला गेलेली अर्धी मंडळी अडकतात ती पत्त्यावर. लग्नानंतर घर बदलतं, पण नव्या घरात तुमच्या नावाचा एकही कागद नसतो. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, नळाचं बिल आजेसासऱ्यांच्या. दुसऱ्याच्या नावाचं बिल तुमच्या पत्त्याचा पुरावा होत नाही, मग तुम्ही त्या घरची सून असा नाहीतर मुलगी.

चालणाऱ्या कागदांत दोन सोयीचे आहेत. एक, नव्या पत्त्याचं आधार. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आहे. नवरा कुटुंबप्रमुख म्हणून संमती देतो आणि नात्याचा पुरावा म्हणून लग्नाचा दाखला लावता येतो. दुसरा, नवऱ्याचा पासपोर्ट. पण तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो तो त्याच्या शेवटच्या पानावर पत्नी म्हणून तुमचं नाव छापलेलं असेल आणि पत्ता जुळत असेल तरच. म्हणजे आधी नवऱ्याने तुमचं नाव घातलेलं हवं. बहुतेक नवऱ्यांनी ते घातलेलं नसतं.

म्हणून क्रम असा: आधी लग्नाचा दाखला, मग आधारवर नवा पत्ता, आणि मग पासपोर्टाचा अर्ज. दुसऱ्या वाटेने जाणार असाल, म्हणजे स्वतःचं नावही बदलणार असाल, तर आधारवर पत्त्याबरोबर नावही बदलून घ्या. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग ठरवल्याशिवाय ते करायला जाऊ नका.

अर्जात द्यायचा तो तुम्ही खरोखर राहता तो पत्ता. स्नेहा आणि सुभाष नोकरीसाठी पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि शनिवार-रविवार साखळीला जातात असं समजा. ‘कायमचं घर साखळी’ म्हणून तिने सध्याचा पत्ता साखळीचा दिला. पोलीस मंगळवारी आले. घरी सासू एकटी. तिने खरं ते सांगितलं: “ती दोघं पर्वरीला असतात.” संपलं. पत्त्यावर राहत नाही असा अहवाल जाण्याइतकं हे पुरेसं आहे. तिने सध्याचा पत्ता पर्वरीचा द्यायला हवा होता आणि त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं आधार लावायला हवं होतं.

## टप्पा ५: अर्ज भरा

संकेतस्थळ एकच: passportindia.gov.in. याच्यासारखी दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी बनावट संकेतस्थळं पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी gov.in नसेल तर बाहेर पडा.

१. नोंदणी करून लॉगिन करा आणि Re-issue of Passport निवडा. पासपोर्ट आधीपासून असताना नव्या पासपोर्टाचा, म्हणजे Fresh Passport चा अर्ज करू नका. ‘मला नवं पुस्तक हवंय’ म्हणून लोक हमखास तिकडे जातात.

२. कारण म्हणून Change in Existing Personal Particulars निवडा आणि खाली काय काय बदलतंय त्यावर खुणा करा. जोडीदाराचं नाव ही एक खूण. पत्ता बदलला असेल तर दुसरी. सही बदलली असेल तर तीही. लग्नानंतर सही बदलणाऱ्या जणी ही खूण विसरतात. पासपोर्टाची मुदत संपत आली असेल तरी वेगळा अर्ज लागत नाही. बदल आणि नूतनीकरण एकाच पुस्तिकेत होतं आणि प्रौढांना नवी मुदत दहा वर्षांची मिळते.

३. Marital Status मध्ये Married निवडा. मग कुटुंबाच्या माहितीत जोडीदाराच्या नावाचे रकाने भरा. इथेही Given Name आणि Surname वेगळे. सुभाषसाठी Given Name मध्ये SUBHASH VITHAL, Surname मध्ये GAWAS. पूर्ण नाव पहिल्याच रकान्यात कोंबू नका. वडिलांच्या रकान्यात वडीलच राहतील. लग्न झालं म्हणून तिथे सासऱ्यांचं नाव लिहिणारे मला भेटले आहेत.

४. नाव पूर्वी कधी बदललं आहे का, हा प्रश्न येतो. पहिल्या वाटेने जाणाऱ्यांचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांनी ‘हो’ म्हणून जुनं नाव लिहायचं.

५. शुल्क भरून अपॉइंटमेंट घ्या. ३६ पानी पुस्तिकेला १५०० रुपये, ६० पानीला २०००. तत्काळला वर आणखी २००० लागतात. नुसतं जोडीदाराचं नाव घालायला कमी शुल्क नाही, कारण पुस्तिका नवीच मिळते. नाव मोठ्या प्रमाणात बदलणाऱ्यांना तत्काळची सोय मिळत नाही.

जुन्या पासपोर्टावर ईसीआर, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा, असेल आणि तुम्ही दहावी पास असाल, तर ते काढण्याची खूणही याच अर्जात करा आणि दहावीचं प्रमाणपत्र सोबत न्या. पुन्हा तेवढ्यासाठी १५०० रुपये भरण्यात अर्थ नाही.

पैसे भरण्याआधी: पूर्ण अर्ज छापून काढा आणि टप्पा २ मधल्या तुमच्या चार ओळींच्या कागदाशी जुळवा. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावा.

## टप्पा ६: फाइल लावा

मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक झेरॉक्सवर तुमची स्वतःची सही. स्नेहाच्या फाइलीत वरून खाली असं लागेल:

- जुना पासपोर्ट मूळ. त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स. ईसीआरचा शिक्का किंवा काही शेरा असलेलं पान असेल तर त्याचीही.
- लग्नाचा दाखला आणि त्यामागे भरलेलं ॲनेक्शर जे.
- नव्या पत्त्याचं आधार.
- सुभाषच्या पासपोर्टाची आणि आधारची झेरॉक्स. स्पेलिंगचा फरक असल्यामुळे त्याचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखलाही.

पासपोर्ट फोटो लागत नाही. तो तिथेच काढतात. जुना पासपोर्ट मात्र विसरू नका. ‘आधार आणलंय ना’ म्हणत तो घरी ठेवून आलेल्यांना परत जावं लागतं.

## टप्पा ७: केंद्रावर

पणजीचं पासपोर्ट सेवा केंद्र पाटोला आहे, कदंब बसस्टँडच्या बाजूच्या भागात. तरी अपॉइंटमेंटवर छापलेला पत्ता आणि वेळ वाचूनच निघा. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलं की पुरे. नवऱ्याला आत घेतीलच असं नाही, म्हणून त्याचे कागद तुमच्याच पिशवीत असू द्या.

आत ए, बी आणि सी अशा तीन खिडक्या. ए खिडकीवर कागद स्कॅन होतात, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, आणि तुमची माहिती स्क्रीनवर दाखवतात. बी खिडकीवरचा अधिकारी मूळ कागद तपासतो. सीवर मंजुरीचा निर्णय होतो.

या तिन्हींत सगळ्यांत जास्त लक्ष द्यायचं ते ए खिडकीवर. समोरचा माणूस ‘बरोबर आहे ना?’ विचारतो आणि आपण मान डोलावतो. तिथे थांबा. जोडीदाराचं नाव, पत्ता, पिनकोड बोट ठेवून वाचा. टायपिंगची चूक तिथल्या तिथे सुधारते. छापून आल्यावर ती सुधारणं म्हणजे पुन्हा तोच फेरा.

बी खिडकीवर विचारतील तेवढंच सांगा. ‘नाव बदलायचंय का?’ असं विचारलं आणि तुम्ही पहिल्या वाटेने आला असाल, तर स्पष्ट म्हणा: “माझं नाव तेच ठेवायचं आहे, फक्त नवऱ्याचं नाव घालायचं आहे.” इथे ‘हो, नवऱ्याचं नाव लावायचंय’ असं मोघम उत्तर दिलं की चर्चा भलतीकडे जाते. आडनावांचा फरक त्यांनी दाखवला तर वाद न घालता नवऱ्याचे तिन्ही कागद क्रमाने पुढे करा.

एखादा कागद कमी पडला तर फाइल थांबते, अर्ज बाद होत नाही. कोणता कागद हवा ते पावतीवर लिहिलेलं असतं. बाहेर पडण्याआधी ती ओळ वाचा आणि समजली नाही तर तिथेच विचारा. घरी येऊन मला दाखवायला आणलेल्या पावत्यांवरचा प्रश्न बहुतेक वेळा तिथल्याच माणसाने अर्ध्या मिनिटात सोडवला असता.

## टप्पा ८: पोलीस पडताळणी

पत्ता बदलला असेल तर पडताळणी होणार असं धरूनच चला. पोलीस घरी येतात किंवा ठाण्यावर बोलावतात. आधार, लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स आणि ओळख देणारे दोन शेजारी एवढी तयारी ठेवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नवी सून दोन महिन्यांपूर्वी आलेली, शेजारी तिला नावाने ओळखत नाहीत. ‘सुभाषची बायको? नाव काय कोण जाणे’ असं उत्तर निरागस असलं तरी कामाचं नाही.

घरात तुम्हाला नव्या नावाने हाक मारत असतील तर सासू-सासऱ्यांनाही सांगा. पोलिसाने ‘स्नेहा नाईक इथे राहते का?’ विचारलं आणि म्हातारी म्हणाली, “अशी कोण नाही, आमची सून सानिका,” असं होऊ देऊ नका. आणि या दिवसांत बाळंतपण किंवा चतुर्थीसाठी माहेरी मुक्काम असेल, तर फोन आल्यावर तसं सांगून ठाण्यावर जाण्याची वेळ ठरवून घ्या.

## टप्पा ९: पुस्तिका हातात आल्यावर

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि पोस्टमन तो ओळख पाहून तुमच्याच हातात देतो. पाकीट उघडून आधी शेवटचं पान बघा, मग फोटोचं. चूक दिसली तर ती तुमच्या अर्जातली की छपाईतली, हे भरलेल्या अर्जाच्या प्रतीवरून कळतं. म्हणून ती प्रत जपून ठेवा.

रद्द केलेला जुना पासपोर्ट फेकू नका. त्यात चालू व्हिसा असेल तर बरेच देश जुनी आणि नवी पुस्तिका एकत्र दाखवली की तो मान्य करतात. पण निघण्याआधी त्या देशाचा नियम पाहून घ्या, विशेषतः तुम्ही नावही बदललं असेल तर. तिकिटावर नवा नंबर घालून घ्या. आखातात राहण्याचा परवाना असलेल्यांनी तिथल्या मालकाला नवा नंबर लगेच कळवा. बोटीवर काम करणाऱ्या नवऱ्याने बायकोचं नाव घालून घेतलं असेल, तर त्याचा सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि कंपनीकडची नोंद जुन्या पासपोर्ट नंबरावर असते. ती पुढच्या करारावर सही करण्याआधी बदलून घ्यावी.